पुदिन्याने कुंडी भरून टाकलीये: गड्डा फोडायचा, नुसता छाटायचा की काडीपासून नवीन करायचा?

पुदिना लावला की पहिले सहा महिने मस्त असतो, मग पानं बारीक होतात, काड्या लांब आणि खालून उघड्या पडतात, मधे टक्कल आणि कडेला मात्र हिरवंगार. लोक खत टाकत बसतात. पण खत कमी पडलेलं नसतं, जागा संपलेली असते. पुदिना मातीलगत आणि मातीखालून रनर सोडत पसरतो, कुंडीत तो भिंतीला आपटतो आणि कडेकडेने गोल फिरत राहतो, मधला जुना भाग लाकडासारखा कडक होऊन फुटायचा थांबतो.

ठरवण्याआधी एकदा पाणी घालून बघा. वर न थांबता कडेने सरळ खाली ट्रेमध्ये आलं तर आत मुळ्यांचं जाळं गच्च झालंय. खालच्या भोकातून पांढरे रनर डोकावत असतील तर मग शंकाच नको.

नुसती छाटणी सगळ्यात सोपी. मातीपासून दोन बोटं ठेवून सगळं कापायचं, वर मूठभर गांडूळखत. कुंडी सहा-आठ महिन्यांचीच असेल आणि पाणी नीट मुरत असेल तर एवढं पुरतं. पण जाळं झालेल्या कुंडीत छाटलात तर एक बहर येतो आणि पुन्हा तीच बारीक पानं.

गड्डा फोडणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, पण माझं मत विचाराल तर वर्ष झालेल्या कुंडीला हेच करा. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या, सकाळी वरचं छाटा, कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा आणि जुन्या सुरीने सरळ चार तुकडे करा. आता नीट बघा, बाहेरच्या कडेला पांढरे, जाडसर, कट्कन मोडणारे रनर असतात आणि त्यांच्या पेरांवर गुलाबीसर कोंब, तर मधे तपकिरी तारेसारखा गुंता. मधलं सगळं टाकून द्यायचं, जीव होत नाही टाकायचा पण टाका. कडेचे मूठभर तुकडे, प्रत्येकात तीन-चार कोंब येतील असे, दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट अशा मिश्रणात लावा. सुटे रनर बोटभर लांबीचे कापून आडवे, इंचभर मातीखाली ठेवले तरी फुटतात. कुंडी खोल नको, रुंद हवी, १२ इंच रुंद आणि ७-८ इंच खोल असली की झालं. आठ-दहा दिवस सावलीत, साधारण महिन्याभराने चटणीपुरती पानं.

काडीपासून नवीन करणं सगळ्यात स्वस्त. मंडईतल्या जुडीतल्या ताज्या काड्या घ्या, पेराखाली कापा, खालची पानं काढा आणि ग्लासात ठेवा, आठवड्या-दहा दिवसात मुळं दिसतात. वेळ मात्र जास्त लागतो, भरगच्च व्हायला दीड-दोन महिने. पण पानांमागे नारिंगी पुळ्या म्हणजे तांबेरा दिसत असेल तर हाच रस्ता, कारण गड्डा फोडलात तर रोगही प्रत्येक नव्या कुंडीत वाटला जातो. जुनी माती आणि झाड दोन्ही टाका, कंपोस्टमध्येही नको.

पुदिना दुसऱ्या झाडाच्या कुंडीत घुसला असेल तर गोष्ट वेगळी. मावशीच्या सिंहगड रोडच्या टेरेसवर कढीपत्त्याच्या कुंडीत कोणीतरी पुदिन्याची काडी खोचली होती आणि वर्षभरात कढीपत्ता पिवळा पडायला लागला, कारण वरचं पाणी आणि खत सगळं पुदिना ओढत होता. तिथे गड्डा फोडायचा नाही, कढीपत्त्याला मुळं हलवलेली आवडत नाहीत. वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने हळूच उकरून रनर ओढून काढले, नवी माती भरली, आणि राहिलेले तुकडे फुटतात म्हणून पुढचा महिनाभर दिसेल तो कोंब लगेच उपटायचा, हे तिने नेमाने केलं. दोन्ही एकत्रच हवे असतील तर पुदिना वेगळ्या प्लास्टिक कुंडीत लावून ती कुंडी मोठीत पुरा, काठ मातीच्या दोन इंच वर ठेवा, नाहीतर रनर वरून उडी मारतात, आणि महिन्यातून एकदा उचलून खालची भोकं तपासा.

पुण्यात वेळ दोनच चांगल्या, जूनमध्ये पाऊस लागल्यावर किंवा नोव्हेंबर ते जानेवारी. एप्रिल-मेमध्ये टेरेस तापलेली असताना फोडलेले तुकडे मुळं धरायच्या आत सुकतात, तेव्हा फक्त छाटा, ग्रीन नेटखाली सरकवा आणि जूनची वाट बघा. जुलैत लावत असाल तर ट्रे काढून ठेवा, साचलेल्या पाण्यात नवे तुकडे कुजतात.