राजाबाई टॉवरशेजारचा भलामोठा चंद्र आणि माझे बावीस हजार

फोटो असा आहे: ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या फुटपाथवरून दिसणारा राजाबाई टॉवर, पुढे मैदानाच्या कडेची पामची झाडं, पलीकडच्या रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा, आणि टॉवरच्या डाव्या अंगाला पौर्णिमेचा प्रचंड मोठा चंद्र. मोठ्या कागदावर छापून, मागे सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र चिकटवून, 'मर्यादित आवृत्ती' म्हणून तो विकला जातो. मी त्याला बावीस हजार रुपये मोजले. तो चंद्र त्या आकाशातला नाही. हा फोटो अजूनही विक्रीला आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझे मामा मुंबई विद्यापीठातून निवृत्त झाले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी फोर्टच्या इमारतीत, त्या टॉवरच्या सावलीत काढली, म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला ही भेट ठरली. मी स्वतः फोटो लॅबमध्ये करेक्शनचं काम करतो. लग्नाच्या अल्बमचं मिक्सिंग, जुन्या फोटोंची दुरुस्ती हे रोजचंच. त्यामुळे घेण्याआधी मी विचारलं होतं की चंद्र खरा आहे का. विक्रेत्याने प्रमाणपत्राचा मजकूर पाठवला: हनुमान जयंतीच्या संध्याकाळी, एकाच जागेवरून, एकाच लेन्सने घेतलेली दोन एक्स्पोजर, म्हणजे वेगवेगळ्या वेळेसाठी शटर उघडून घेतलेले दोन फोटो, बाहेरचं काहीही जोडलेलं नाही. सोबत फोटोचा एक तुकडा पाठवला, त्यात टॉवरचा माथा आणि चंद्राची कड एवढंच दिसत होतं. पैसे आगाऊ घेतले.

त्याचं 'दोन एक्स्पोजर' हे म्हणणं पटण्यासारखंच होतं, आणि फसवणुकीचं मूळही तिथेच आहे. रात्री टॉवर नीट उजळ यावा, गाड्यांच्या रेघा याव्यात, यासाठी शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं. त्याने सांगितलं ते आयएसओ 100, अॅपर्चर एफ 8 आणि 8 सेकंद. पण पूर्ण चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड आहे. स्वच्छ आकाशात तेवढ्याच आयएसओ आणि अॅपर्चरला त्याला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो. 8 सेकंदांत त्याच्यावर 1600 पट प्रकाश पडतो. मुंबईच्या धुरकटात तो थोडा मंद झाला तरी डाग, छटा सगळं जळून जातं; उरतो एक पांढरा ठिपका आणि भोवती पसरलेला उजेड. म्हणून प्रामाणिक फोटोग्राफरही चंद्रासाठी वेगळा, झटपट फोटो घेतात आणि तो त्याच जागी, त्याच आकारात बसवतात. यात मला काही गैर वाटत नाही. गैर आहे ते आकार आणि जागा बदलून वर 'बाहेरचं काही नाही' असं लिहून देणं.

फ्रेम घरी लागली तेव्हा पहिल्या नजरेला मलाही काही खटकलं नाही. काम खरोखर हुशारीचं होतं, आणि ते कसं केलं असणार हे सांगितलं तर तुम्हाला असे फोटो ओळखता येतील.

मूळ फोटोत टॉवरजवळ छोटा जळालेला ठिपका आणि त्याचं वलय होतं. त्यावर मोठा चंद्र नुसता कापून चिकटवला असता तर कडा कागदाच्या चकतीसारख्या दिसल्या असत्या. म्हणून त्याने आधी तो ठिपका आकाशाच्या रंगाने पुसला, चंद्राचा वेगळा फोटो घेतला, सॉफ्टवेअरच्या लेव्हल्समध्ये त्याचं आकाश पूर्ण काळं केलं आणि तो लेअर 'स्क्रीन' मोडवर टाकला. स्क्रीनमध्ये काळा भाग नाहीसा होतो आणि उजळ भाग खालच्या रंगात मिसळतो. आकाश पूर्ण काळं केलेलं नसेल तर चंद्राभोवती फिकट चौकोन दिसतो. कच्चं काम इथेच पकडलं जातं. स्क्रीनचा आणखी एक फायदा होतो. शहराच्या दिव्यांनी उजळलेलं धुरकट हे आपल्या आणि चंद्राच्या मध्ये असतं, त्यामुळे चंद्रावरचा सगळ्यात काळा डागसुद्धा शेजारच्या आकाशापेक्षा गडद दिसू शकत नाही. त्याच्या फोटोत डागांना आकाशाचाच तांबूस-करडा रंग आला होता. तो बरोबरच होता.

मग उजेड. मोठी चकती बसवली की तिने जुनं छोटं वलय बरंचसं झाकलं जातं आणि चंद्र कोरडा दिसतो. म्हणून त्याने चकतीची प्रत काढून खूप ब्लर केली, तिला आकाशाचा रंग दिला आणि कमी ओपॅसिटीवर खाली ठेवली. एक कडेलगतची, एक दूरवर पसरणारी. चंद्र पूर्ण पांढराही ठेवला नव्हता, टॉवरवरच्या दिव्यांपेक्षा किंचित खाली आणला होता. शेवटी सगळ्यावर एकसारखा ग्रेन, म्हणजे बारीक दाणे. उजेड आणि एक्स्पोजर यांवरून हा फोटो पकडणं माझ्यासारख्या रोज हेच करणाऱ्यालाही अवघड होतं.

शंका आली ती मामांमुळे. ते फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, इतकी वर्षं मी संध्याकाळी ओव्हलवरून चालत चर्चगेटला गेलो. टॉवरच्या मागून चंद्र वर येताना कितीदा पाहिलाय. पण तो एवढा कधीच नव्हता रे."

मग मी मोजपट्टी घेतली. कागदावर टॉवर 70 सेंटीमीटर उंच आहे, चंद्र 17 सेंटीमीटर रुंद. चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश भरतो. म्हणजे आपल्यापासून जेवढ्या अंतरावर वस्तू असेल, त्या अंतराच्या 115व्या भागाएवढी जागा चंद्र तिच्याशेजारी व्यापतो. लेन्स कुठलीही असो, झूम कितीही करा. वस्तू आणि चंद्र दोन्ही सारखेच मोठे होतात, हे प्रमाण बदलत नाही. राजाबाई टॉवर 85 मीटर उंच आहे. मैदानाच्या पश्चिम कडेपासून तो, समजा, साडेतीनशे मीटरवर आहे. साडेतीनशे भागिले 115 म्हणजे तीन मीटर. टॉवरशेजारी चंद्र तीन मीटरचाच दिसायला हवा, आणि कागदावर अडीच सेंटीमीटरचा.

सतरा सेंटीमीटर म्हणजे टॉवरच्या मापात साडेवीस मीटर. एवढा चंद्र हवा तर टॉवरपासून दोन किलोमीटरहून जास्त मागे जावं लागेल. ओव्हलच्या पश्चिमेला एवढ्या अंतरावर मरीन ड्राइव्ह ओलांडून आपण अरबी समुद्रात असतो. तिथून मैदानाकडेचे पाम टॉवरपुढे एवढे उंच दिसलेच नसते. त्यांची उंचीच सांगते की कॅमेरा मैदानाच्या कडेलाच होता.

दुसरा पुरावा चंद्राच्या चेहऱ्यात आहे. पूर्ण चंद्रावर टायको नावाचं विवर आहे, त्यातून चहूकडे पांढरे पट्टे निघतात. साध्या दुर्बिणीतून किंवा बऱ्या फोटोत ते लगेच सापडतं. विक्रेत्याच्या चंद्रात टायको जवळजवळ थेट खाली आहे, जसं ते बहुतेक पुस्तकांतल्या चित्रांत असतं. पण मुंबई 19 अंश अक्षांशावर आहे. इथे चंद्र पूर्वेला जवळजवळ सरळ उभा वर चढतो आणि उगवताना चांगलाच आडवा असतो; त्याची उत्तर बाजू आपल्या डावीकडे येते. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास तर ती जवळपास पूर्ण आडवी होते, म्हणजे टायको उजव्या बाजूला दिसायला हवं. टायको खाली आणि उत्तर वर असा चंद्र इथे दिसतो तो रात्री उशिरा, तो आकाशात उंच दक्षिणेला आला की. तेव्हा तो टॉवरशेजारी नसतो.

पुढच्या पौर्णिमेला, बुद्ध पौर्णिमेच्या संध्याकाळी, मी 100 एमएमची लेन्स घेऊन त्याच फुटपाथवर उभा राहिलो. अंधार पडल्यावर चंद्र टॉवरच्या डावीकडे आला. माझा फोटो त्याच मापाला छापला तर चंद्र अडीच सेंटीमीटरच्या आसपासच येतो, आणि टायको उजवीकडे, जरा खाली.

घरी येऊन फ्रेमचा सरळ फोटो काढला आणि कर्व्ह्ज जोरात ओढले, म्हणजे आकाशातले बारीक फरक ठळक होतील. चंद्राभोवतीचा उजेड डावीकडे सारखा मावळत होता, पण उजवीकडे, टॉवरच्या बाजूला, चकतीच्या बाहेर आणखी एक फुगवटा होता, आणि त्याचं केंद्र मोठ्या चंद्राच्या केंद्राशी जुळत नव्हतं. जुना ठिपका टॉवरच्या अधिक जवळ होता. मोठा चंद्र टॉवरवर चढू नये म्हणून त्याने तो डावीकडे सरकवला, आणि जुनं वलय मागे राहिलं.

मी फोन करून दोन्ही एक्स्पोजरच्या रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइल्स, मागितल्या. आधी म्हणाला, "सर, हार्ड डिस्क गेली." मग एक जेपीईजी पाठवली, त्यात कॅमेऱ्याची कुठलीच माहिती नव्हती. माझा फोटो आणि मापं पाठवल्यावर मात्र तो म्हणाला, "चंद्र माझाच आहे सर, चोरीचा नाही. सहाशे एमएमच्या लेन्सने बदलापूरला गच्चीवरून काढलाय. आणि गिऱ्हाइकाला मोठाच चंद्र हवा असतो." मी म्हटलं, मग प्रमाणपत्रात तसं लिहा. त्यावर उत्तर आलं की छापलेली प्रत परत घेतली जात नाही.

असा फोटो विकत घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी पूर्ण फ्रेम मागा, कापलेला तुकडा नको. कॅमेरा नेमका कुठे उभा होता हे लेखी घ्या. नकाशावर इमारतीपर्यंतचं अंतर मोजून 115ने भागणं कुणालाही जमतं. आणि चंद्राची रॉ फाइल पडद्यावर दाखवायला सांगा. खरोखर त्याच लेन्सने घेतली असेल तर तीत चंद्र छोटाच असेल आणि काळवंडलेली का होईना, तीच इमारत शेजारी असेल. नुसता काळ्या आकाशातला मोठा चंद्र दाखवला तर तो कुठलाही, कधीचाही असू शकतो.

प्रमाणपत्र, पैसे दिल्याची पावती, फोनवरच्या बोलण्यानंतर त्याने लिहून पाठवलेला 'परत घेणार नाही' हा मेसेज आणि माझा तुलनेचा फोटो जोडून मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. विक्रेत्याने अर्धी रक्कम देऊ केली, अट अशी की प्रमाणपत्र त्याला परत द्यायचं आणि याबद्दल कुठे लिहायचं नाही. मी दोन्हीला नकार दिला. मामांच्या भिंतीवर आता बुद्ध पौर्णिमेचा फोटो आहे, आणि ती फ्रेम पुरावा म्हणून माझ्या लॅबमध्ये ठेवली आहे. ज्यांनी हा फोटो घेतला असेल त्यांनी पट्टी लावून चंद्र आणि टॉवर मोजावा, आणि तक्रार करताना माझी मापं खुशाल वापरावीत.