रिलेशनशिप मॅनेजर निवडताना: मोठा पोर्टफोलिओ की जिवंत सर्टिफिकेट?

बँकेसाठी रिलेशनशिप मॅनेजर, म्हणजे ग्राहकांची गुंतवणूक आणि विमा पाहणारा माणूस निवडताना शॉर्टलिस्टमध्ये शेवटी दोनच रिझ्युमे उरतात तेव्हा बहुतेकदा एक असा असतो: '220 कोटींचा पोर्टफोलिओ, क्रॉस सेल टार्गेटच्या 145 टक्के, एनआयएसएम प्रमाणित'. दुसऱ्यावर 64 कोटी लिहिलेले असतात आणि बाकी सगळा तपशील असतो. माझ्यासमोर हे दोन्ही आले होते. पहिला नाकारणं सोपं नव्हतं.

आधी पोर्टफोलिओ, म्हणजे मॅनेजर सांभाळत असलेला ग्राहकांचा पैसा. 220 कोटींबद्दल विचारलं तेव्हा कळलं की दीड वर्षापूर्वी त्याच्याकडे 190 कोटींचं तयार बुक, म्हणजे आधीपासूनचे ग्राहक आणि त्यांचा पैसा, सोपवलं गेलं होतं. वाढलेल्या 30 कोटींपैकी 18 कोटी बाजार चढल्यामुळे आले होते, म्हणजे नवा पैसा 12 कोटींचा. शिवाय अर्धा पोर्टफोलिओ चार कुटुंबांचा होता. दुसऱ्या उमेदवाराने सुरुवातीचे 41 कोटी, बाजाराचे 8 आणि नव्या पैशाचे 15 असे आकडे रिझ्युमेवरच वेगवेगळे दिले होते. दीड वर्षाचाच काळ, पण एकाने हाती आलेल्या बुकात सहा टक्के भर घातली आणि दुसऱ्याने जवळजवळ सदतीस. अर्थात चार मोठी कुटुंबं टिकवून ठेवणं हेही कौशल्यच आहे. अतिश्रीमंत ग्राहकांच्या डेस्कसाठी माणूस हवा असेल, तर तुमचा कौल वेगळा पडू शकतो.

क्रॉस सेल म्हणजे त्याच ग्राहकाला आणखी उत्पादनं विकणं, आणि त्यात टक्केवारीपेक्षा मला तिच्यामागचं मिश्रण महत्त्वाचं वाटतं. 145 टक्क्यांमधला मोठा भाग मार्चमध्ये विकलेल्या मोजक्या विमा पॉलिसींचा होता. दुसऱ्याने प्रति ग्राहक उत्पादनं 1.6 वरून 2.3 वर नेल्याचं लिहिलं होतं, आणि तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी 88 टक्के दिली होती. म्हणजे पहिलं वर्ष संपल्यावरही शंभरातल्या 88 पॉलिसींचा पुढचा हप्ता आला. चुकीच्या माणसाला विकलेली पॉलिसी नेमकी इथेच गळते, म्हणून हा आकडा स्वतःहून देणाऱ्यावर माझा विश्वास लवकर बसतो. तरी 2.3 मध्ये काय काय मोजलंय, हे विचारून घ्या. काही ठिकाणी डेबिट कार्ड आणि मोबाइल बँकिंगही उत्पादन म्हणून धरतात.

पण माझा निर्णय ठरला तो 'एनआयएसएम प्रमाणित' या दोन शब्दांवर. एनआयएसएम ही गुंतवणूक क्षेत्रातल्या लोकांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी संस्था. त्या शब्दांपुढे तारीख नव्हती.

याआधी एकदा असाच दणदणीत पोर्टफोलिओ पाहून मी एकाला घेतलं होतं. त्याचं म्युच्युअल फंड वितरकांचं सर्टिफिकेट, म्हणजे सिरीज व्ही-ए, रुजू होण्याच्या आधीच संपलेलं होतं. ते तीन वर्षं चालतं. मुदतीच्या आत सीपीई हा उजळणीचा कार्यक्रम केला तर नूतनीकरण होतं, मुदत टळली की पुन्हा परीक्षेला बसावं लागतं. सर्टिफिकेट नाही म्हणून त्याचा ईयूआयएन, म्हणजे सल्ला देणाऱ्याची ओळख दाखवणारा क्रमांक, चालू नव्हता, आणि ईयूआयएनशिवाय सल्ला देऊन केलेल्या व्यवहाराचा फॉर्म भरायचा कसा? फॉर्मवर दुसऱ्या सहकाऱ्याचा क्रमांक टाकू, असं कोणीतरी सुचवलं. मी नाही म्हणालो. सल्ला नेमका कोणी दिला याचा माग राहावा म्हणूनच तो क्रमांक असतो. विम्याचं तर आणखी रखडलं. बँक कॉर्पोरेट एजंट असल्यामुळे विमा विकणाऱ्याकडे 'स्पेसिफाइड पर्सन'चं सर्टिफिकेट लागतं, आणि आधीच्या संस्थेची ना-हरकत आल्याशिवाय ते आमच्या नावावर येईना.

तोवर तो ग्राहकांना भेटायचा, घरी जायचा, विश्वास मिळवायचा, आणि गुंतवणुकीची वेळ आली की दुसऱ्या कोणाला तरी पुढे करायचा. एका वयस्कर ग्राहकाने मला थेट विचारलं, "साहेब, माझा माणूस नक्की कोण?" मला उत्तर देता आलं नाही. ते अजून मनात आहे. त्यात त्या मुलाचं कौशल्य कुठेच कमी नव्हतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

या वेळी दुसऱ्या रिझ्युमेवर सिरीज व्ही-ए आणि विम्याचं सर्टिफिकेट, दोन्हींचे क्रमांक आणि मुदतीच्या तारखा होत्या. पहिल्याला मी फोन करून तारीख विचारली. "बघून सांगतो," म्हणाला. दोन दिवसांनी कळवलं की मुदत पुढच्याच महिन्यात संपतेय आणि सीपीईची नोंदणी व्हायचीय.

मी 64 कोटीवाल्याला घेतलं. रुजू झाल्यावर ईयूआयएन आमच्या एआरएनशी, म्हणजे बँकेच्या वितरक नोंदणी क्रमांकाशी, जोडून घेण्यात काही दिवस गेले, तेवढेच. तुमच्या शाखेत सर्टिफिकेटचं नूतनीकरण होईपर्यंत थांबायला वाव असेल आणि मोठ्या कुटुंबांचीच गरज असेल, तर पहिल्याचा विचार जरूर करा. मात्र ऑफर लेटर काढण्याआधी सर्टिफिकेटची प्रत मागवा आणि मुदतीची तारीख स्वतः वाचा.