स्पेक्ट्रोस्कोपीची स्वतः बनवलेली गाइड, पाच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

एमएस्सीला आयआर, एनएमआर आणि मासची प्रकरणं वाचून मी जूनमध्ये जळगावला रूमवर बसून चौदा पानांची गाइड लिहून काढली, आणि तेव्हापासून प्रत्येक अननोन तिच्यावरच सोडवतोय. पहिली गाइड पुस्तकाच्याच क्रमाने होती, आधी आयआरचा तक्ता मग एनएमआरचा मग मासचा, आणि तीच मोठी चूक निघाली.

ती कळली एका कंपाउंडवर. मासमध्ये मॉलिक्युलर आयन १५०, फॉर्म्युला दिलेला C9H10O2, म्हणजे असंपृक्तता ५, त्यात बेंझिन रिंगच चार खाते आणि उरलेला एक कार्बोनिल. आयआरला १७४० ला जोरदार पीक, १२३० लाही तसाच, आणि ओएचचा रुंद पट्टा नाही, म्हणजे एस्टर. कार्बोनिल थेट रिंगला चिकटलेला असता तर पीक १७२० कडे सरकलं असतं, म्हणून इथिल बेंझोएट बाद. एनएमआरमध्ये ५, २ आणि ३ हायड्रोजन, शेवटचे दोन्ही सिंगलेट. मासमध्ये ९१ दिसला, गाइडमध्ये ९१ पुढे "बेंझिल" लिहिलेलं, मी बिनधास्त मिथाइल फिनाइलअॅसिटेट लिहून मोकळा झालो.

रूममेट म्हणाला, "भो, सिंगलेट कुठे आहेत ते तर बघ." दोन हायड्रोजनवाला ५.१ ला होता आणि तीनवाला २.१ ला. मिथाइल फिनाइलअॅसिटेटमध्ये हे दोन्ही ३.६-३.७ ला जवळजवळ चिकटून येतात. ५.१ म्हणजे त्या सीएचटूच्या एका बाजूला रिंग आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन, २.१ म्हणजे कार्बोनिलला लागलेला मिथाइल. उत्तर बेंझिल अॅसिटेट, जाईच्या तेलात असतं तेच.

मासमध्ये पण खूण होतीच. सगळ्यात उंच पीक १०८, १५० मधून ४२ म्हणजे केटीन गेलेलं. नायट्रोजन नसताना सम आयनपासून समच तुकडा दिसला की अख्खा रेणू निघून गेलाय, नुसता बंध तुटलेला नाही, हे मी गाइडमध्ये घेतलंच नव्हतं कारण पुस्तकात ते एका ओळीत होतं आणि सारांश करताना अशाच ओळी गळतात.

मग गाइड परत लिहिली, आता क्रम असा की आधी मॉलिक्युलर आयन आणि असंपृक्तता, मग आयआरमधून कोणता ग्रुप आहे आणि कोणता नाही, मग एनएमआरमध्ये हायड्रोजनची संख्या आणि जागा, आणि शेवटी मासचे तुकडे तपासणीसाठी. प्रत्येक ओळीपुढे "याने काय बाद होतं" असा रकाना टाकला, सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतोय.

एक गोष्ट मात्र गाइडने सुटत नाही. पावसाळ्यात केबीआरची गोळी ओलावा ओढते आणि ३४०० ला रुंद पीक येतं, ते मी दोनदा ओएच धरलं. आता गोळी वाळवलेल्या केबीआरची परत करतो, पीक लहान झालं तर ते पाणी. तसंच ७.२६ ला क्लोरोफॉर्मचं उरलेलं पीक असतं, ते रिंगच्या हायड्रोजनमध्ये मोजलं की पाचाचे सहा होतात.