सेल्स ऑपरेशन्सवाल्यांसाठी सेल्सफोर्स अॅडमिन सर्टिफिकेशन: काही महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात मकरपुरा किंवा वाघोडियाकडच्या कंपन्यांमध्ये सेल्स ऑपरेशन्सचं काम बहुतेक सारखंच असतं. सोमवारी पाइपलाइनचा रिपोर्ट काढायचा, सेल्सफोर्समधल्या अर्धवट भरलेल्या ऑपॉर्च्युनिटीज, म्हणजे डील्सच्या नोंदी, हुडकायच्या, आणि ‘मला हे डील दिसत का नाही?’ या प्रश्नाला दिवसभर उत्तरं द्यायची. अॅडमिन सर्टिफिकेशनचा उपयोग सगळ्यात जास्त झाला तो या शेवटच्या प्रश्नासाठी. रिपोर्ट काढायला सर्टिफिकेट लागत नाही, तो सरावानं येतो. कोणाला काय दिसतं आणि का दिसतं, हे मात्र परीक्षेच्या निमित्तानंच नीट बसतं.

आधी परीक्षेचा साचा. 2025 मध्ये या सर्टिफिकेशनचं नाव ‘प्लॅटफॉर्म अॅडमिनिस्ट्रेटर’ झालं आणि परीक्षा पिअर्सन व्ह्यूकडे गेली, त्यामुळे जुन्या नोट्समधली बुकिंगची पद्धत आता लागू नाही. वेळ 105 मिनिटं. गुण धरले जाणारे प्रश्न 60, शिवाय गुण न धरले जाणारे जास्तीत जास्त 5. हे पाच कोणते ते कळत नाही, म्हणून सगळेच मनापासून सोडवायचे. प्रश्नामागे साधारण दीड मिनिट मिळतं. पास व्हायला 65 टक्के, म्हणजे 60 पैकी 39 बरोबर. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामं काही ठेवू नये. दोन किंवा तीन पर्याय निवडायचे असतील तर तसं प्रश्नातच लिहिलेलं असतं, पण त्यातला एक जरी चुकला तरी अर्धे गुण मिळत नाहीत. फी 200 डॉलर अधिक कर, आणि नापास झाल्यास पुन्हा बसायचे 100 डॉलर अधिक कर. ही रक्कम कंपनीकडून मिळणार असेल तर मंजुरी बुकिंगच्या आधी घ्यावी.

आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर. मराठी काय, गुजराती काय, मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि ते एका ओळखपत्रावर असतं, दुसऱ्यावर नसतं. जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचं पहिलं नाव आणि आडनाव जसं आहे तसंच बुकिंगच्या खात्यात हवं. घरून परीक्षा द्यायची तर ऑफिसचा लॅपटॉप टाळावा. त्यातलं व्हीपीएन किंवा फायरवॉल परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतं आणि ते बंद करायचे अधिकार आपल्याकडे नसतात. सिस्टिम टेस्ट आदल्या दिवशी करावी, आणि परीक्षेच्याच जागेवर, त्याच वायफायवर करावी.

आता गाभ्याकडे. परीक्षेतला परिस्थिती सांगणारा प्रश्न साधारण असा असतो. एका कंपनीच्या बडोदा आणि अंकलेश्वर अशा दोन शाखा आहेत. ऑपॉर्च्युनिटीची संस्थाव्यापी मूळ सेटिंग ‘Private’ आहे. सेल्स ऑपरेशन्सच्या माणसाला बडोदा शाखेची सगळी डील्स बघायची आहेत, बदलायची नाहीत. काय कराल?

पहिला पर्याय: मूळ सेटिंग ‘Public Read Only’ करा. डील्स दिसतील, पण सगळ्यांनाच दिसतील आणि अंकलेश्वरचीही दिसतील. दुसरा: त्याला रोल हायरार्कीत बडोद्याच्या सेल्स मॅनेजरच्या वर बसवा. इथे बरेच जण फसतात. रोलमुळे नुसतं वाचणं नाही, खालच्यांची रेकॉर्ड्स बदलण्याचा हक्कही वर जातो. तिसरा: परमिशन सेटमधून ऑपॉर्च्युनिटीवर ‘View All’ द्या. यात बदलायचा हक्क जात नाही, पण दोन्ही शाखा उघड्या होतात. चौथा: बडोद्याच्या रोलमधल्या आणि त्याखालच्या लोकांच्या मालकीची डील्स सेल्स ऑपरेशन्सच्या पब्लिक ग्रुपला ‘Read Only’ शेअर करणारा शेअरिंग रूल. हेच उत्तर. प्रश्नात ‘बडोदा शाखेची’ऐवजी ‘कंपनीतली सगळी’ असतं, तर तिसरा पर्याय बरोबर ठरला असता. म्हणून अशा प्रश्नात पर्यायांकडे जाण्याआधी दोन गोष्टी टिपाव्या: किती रेकॉर्ड्स, आणि वाचायची की बदलायची.

ऑफिसात हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. एकच पाइपलाइन रिपोर्ट मॅनेजर उघडतात तेव्हा एक बेरीज, एक्झिक्युटिव्ह उघडतो तेव्हा दुसरी. मग रिपोर्टच चुकलाय असा गवगवा. रिपोर्ट बहुधा बरोबर असतो. तो उघडणाऱ्याला जेवढी रेकॉर्ड्स दिसतात तेवढ्यांचीच बेरीज करतो. तपासायचा क्रम ठरलेला ठेवावा. रिपोर्टच्या फिल्टरमध्ये ‘My opportunities’ आहे की ‘All opportunities’ ते आधी पाहायचं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मग दोघांचे रिपोर्ट एका शेजारी एक ठेवून न दिसणारं एक नेमकं डील शोधायचं आणि त्याचा मालक कोणत्या रोलमध्ये आहे ते बघायचं. मूळ सेटिंग ‘Private’ असेल तर एकाच रोलमधल्या दोघांना एकमेकांची डील्स दिसत नाहीत, कारण हायरार्की खालून वर जाते, आडवी जात नाही. शेवटी प्रोफाइल आणि परमिशन सेट: ऑब्जेक्टवर वाचायचाच हक्क नसेल तर कितीही शेअरिंग रूल लावा, उपयोग शून्य. डॅशबोर्डचं गणित उलटं असतं. तिथे ‘View Dashboard As’मध्ये जी व्यक्ती ठरवली आहे तिच्या नजरेतून सगळ्यांना आकडे दिसतात, त्यामुळे बेरीज जुळते, पण एखाद्याला नको ते आकडेही दिसून जातात.

तयारीत सेल्सवाल्यांची लंगडी बाजू म्हणजे सर्व्हिसचा विभाग. केस, क्यू, असाइनमेंट रूल, एस्कलेशन रूल यांच्याशी रोजचा संबंध नसतो आणि वाचून ते डोक्यात राहत नाही. सरावासाठी मिळणाऱ्या फुकटच्या प्लेग्राउंडमध्ये एक क्यू बनवून दोन-चार केस त्यात वळवून बघाव्या, तेवढं पुरतं.

नूतनीकरण हा या सर्टिफिकेशनचा सर्वांत सुसह्य भाग. वर्षातून एकदा ट्रेलहेड या सेल्सफोर्सच्या शिकण्याच्या साइटवर छोटं मेंटेनन्स मॉड्यूल येतं. ते फुकट असतं, कोणी देखरेखीला नसतं, एका बैठकीत उरकतं. नव्या रिलीजमधल्या बदलांवर प्रश्न असतात आणि बहुधा प्रत्यक्ष करून दाखवायचं एक आव्हान. वाचन सोपं, पण आव्हानात लोक अडकतात, आणि कारणं ठरलेली. तपासणी करणारी यंत्रणा तुमचा हेतू बघत नाही. फील्डचं नाव, त्याचं एपीआय नाव, एखादी स्पेस, सगळं सूचनेबरहुकूम हवं. त्यासाठी नावं टाइप न करता कॉपी करावीत. जुन्या प्लेग्राउंडमध्ये आधीचं काम पडलेलं असतं आणि ते आडवं येतं, तेव्हा दर वेळी नवं उघडावं आणि त्याची भाषा इंग्रजीच ठेवावी. काम सगळं बरोबर असूनही पास होत नसेल, तर आव्हानाच्या तळाशी कोणतं प्लेग्राउंड निवडलेलं आहे ते पाहा. काम एकात आणि तपासणी दुसऱ्यात, हे फार वेळा घडतं.

मुदत चुकली तर सर्टिफिकेशन संपतं आणि पूर्ण परीक्षा, पूर्ण फीसह, पुन्हा. मुदत चुकण्याचं नेहमीचं कारण आळस नसून ईमेल असतो. ऑफिसच्या पत्त्यावर नोंदणी केलेली असते, नोकरी बदलते, आणि आठवणीची मेल बंद झालेल्या डब्यात जाते. ट्रेलब्लेझर खात्यात खासगी ईमेल पहिल्या दिवशीच जोडावा, आणि सर्टिफिकेशन त्याच ट्रेलहेड प्रोफाइलवर दिसतंय ना ते पाहावं. ते दुसऱ्या प्रोफाइलवर असेल तर मॉड्यूल पूर्ण दिसतं, पण सर्टिफिकेशनची स्थिती जुनीच राहते.