सात महिन्यांनंतर: बूट वाकतो, पण नको तिथे

हे बूट मी जानेवारीत कोल्हापुरात राजारामपुरीतून ३,४०० रुपयांना घेतले. मऊ इतके की पहिले दोन महिने रंकाळ्यावर भेटेल त्याला मी हेच घ्या म्हणत होतो. ते शब्द आज मागे घेतो.

एप्रिलपासून सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत आतल्या बाजूला कळ यायची. चार पावलं चाललं की ओसरायची. फिजिओथेरपिस्टनी मला उभं केलं आणि पायाचा अंगठा हाताने वर उचलला. तळव्याची कमान आपोआप उंचावली. मग त्यांनी बूट घेतला, टाच आणि टोक धरून दाबला. तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा होता, दुमडला बरोबर मधोमध, कमानीखाली!

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लांटर फॅशिया नावाची चिवट पट्टी असते. टाच उचलली की बोटं जमिनीवरच राहतात आणि मुळाशी वर वाकतात. तेव्हा ही पट्टी चवड्यातल्या हाडांच्या गोल टोकांवरून, रहाटावर दोर गुंडाळावा तशी ओढली जाते. टाच चवड्याकडे खेचली जाते, कमान उंचावते आणि सैल पाऊल ताठ होतं. त्या ताठ पावलावर आपण जमीन मागे रेटतो. संशोधक हिक्स यांनी १९५४ साली या रचनेला विंडलास, म्हणजे रहाट, म्हटलं. पट्टी एकटी हे करत नाही, तळव्यातले छोटे स्नायूही कमान धरून ठेवतात. बूट मध्येच दुमडला की बोटं कमी वाकतात आणि पाऊल मध्यावर खचायला मोकळं राहतं.

दुकानदार म्हणाला, "साहेब, मऊपणा हेच तर फीचर आहे." बदलून दिले नाहीत. वडिलांच्या जुन्या कोल्हापुरी पायताणाची घडीसुद्धा चवड्याखालीच पडली आहे, हे मी त्याला सांगून आलो.

पण सगळा दोष बुटाचा नाही, हे मला जूनमध्ये पटलं. मार्चमध्येच मी रंकाळ्याच्या एका फेरीच्या दोन केल्या होत्या, त्याही पळत. पट्टीवर ताण वाढला तो त्यामुळेही. दुखताना कडक, पुढे गोलावलेला तळ बरा वाटतो, कारण त्यात बोटं फारशी वाकत नाहीत आणि पट्टीला विसावा मिळतो. पण रहाट कायमचा बांधून ठेवायचा नव्हता, म्हणून तसला जोड मी घेतला नाही.

व्यायाम मिळाला तो असा: पायरीवर एका पायाने उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, तीन सेट, एक दिवसाआड. टॉवेलमुळे बोटं वर राहतात आणि पट्टी ताणलेली असतानाच भार घेते. पहिले तीन आठवडे फरक शून्य. आता सकाळची कळ आठवड्यातून एखाद्या वेळी येते.

बूट आता फक्त मंडईपुरते. नवा जोड घेताना काउंटरवरच टाच-टोक दाबून बघा. घडी कमानीखाली पडली तर पैसे काढू नका.