हॉलचं बुकिंग रद्द केलं, तर ‘अर्धे परत’ म्हणजे कशाचे अर्धे?

घरातलं लग्न पुढे ढकलावं लागलं आणि हॉल रद्द करायची वेळ आली. पावतीमागे अट होती: ‘६० दिवस आधी कळवल्यास ५० टक्के रक्कम परत, त्यानंतर काहीही नाही.’ आमच्या हातात अजून ७० दिवस होते, म्हणून निर्धास्त होतो.

मॅनेजरला फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, “ताई, कळवलंत ना, झालं. साहेब गावाला गेलेत, आले की फॉर्म भरून घेऊ.” साहेब येता येईनात. आले तेव्हा ६० दिवसांची मुदत उलटली होती, आणि फॉर्मवर रद्द केल्याची तारीख म्हणून त्याच दिवसाची तारीख घातलेली. फोनला पुरावा नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण फोन ठेवल्या ठेवल्या मी पावती क्रमांक, लग्नाची तारीख आणि ‘आजपासून बुकिंग रद्द समजावे’ असा मेसेज त्याच नंबरवर पाठवला होता. त्यावर त्याचंच ‘ओके ताई’ आलेलं. ते दाखवल्यावर तारखेचा मुद्दा गेला.

मग खरी मेख बाहेर आली. भाडं १०० धरा. आम्ही ४० आगाऊ दिले होते, शिवाय मोडतोडीसाठी १० डिपॉझिट. साहेबांचा हिशेब असा: अर्धे म्हणजे पूर्ण भाड्याचे अर्धे, म्हणजे ५० आमचे. तुमचे ५० जमा आहेत, फिटंफाट! मी म्हटलं, अटीत ‘रक्कम परत’ आहे. परत तेच करता येतं जे घेतलेलं आहे, म्हणजे ४० चे अर्धे, २०. आणि डिपॉझिटचा यात संबंधच नाही. कार्यक्रमच झाला नाही तर मोडतोड कसली? ते १० पूर्ण यायला हवेत. एकूण ३०.

बुकिंग करतानाच अटीखाली ‘भरलेल्या आगाऊ रकमेच्या ५० टक्के’ असं लिहून सही घेता येते. केटररच्या बाबतीत तर हे जास्तच जपा, कारण तिथे ‘किमान ताटांचा’ आकडा ठरलेला असतो आणि कपात त्यावर लावली जाते.

शेवटी त्यांनी डिपॉझिटचे १० पुढे केले, सोबत सहीसाठी व्हाउचर. त्यावर बारीक अक्षरात ‘संपूर्ण हिशेब पूर्ण, पुढे कोणतीही मागणी राहणार नाही’. ती ओळ खोडून ‘फक्त डिपॉझिट मिळाले, आगाऊ रकमेतले २० येणे बाकी’ असं लिहिलं आणि सही केली. मॅनेजरचा चेहरा उतरला. घरी येऊन हाच हिशेब, अटीची प्रत आणि मेसेजचे फोटो जोडून मालकाच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाठवला, उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत देऊन. मुदत संपायच्या आत २० खात्यात जमा झाले, फोन मात्र कुणाचाच आला नाही.