निळा जांभळट होतो तेव्हा: सॉफ्ट प्रूफ की छापील प्रूफ?

ब्रोशरच्या पॅलेटमधला #0000FF स्क्रीनवर झगझगीत दिसतो, पण छपाईच्या चार शायांमध्ये, म्हणजे सीएमवायकेमध्ये, तो मंद आणि जांभळट होतो. तेवढा शुद्ध निळा सायन आणि मॅजेंटा शाईच्या मिश्रणातून निघतच नाही. फोटोशॉपच्या Proof Setup मध्ये छापखान्याने दिलेलं प्रोफाइल निवडून Proof Colors लावलं, की हा बदल स्क्रीनवरच लगेच दिसतो; हाच सॉफ्ट प्रूफ. मग मॅजेंटा थोडा थोडा कमी करून निळा सावरता येतो. मात्र मॉनिटर कॅलिब्रेट केलेला नसेल, तर त्या दिसण्यावर विसंबू नका.

छापील प्रूफला वेळ आणि पैसे लागतात. पण ते ब्रोशरच्याच कागदावर काढलं, तर अनकोटेड कागद शाई पिऊन रंग किती फिका पाडतो, हे डोळ्यांना दिसतं. पॅलेट मी स्क्रीनवरच सावरतो. मुख्य रंगासाठी मात्र छापील प्रूफ मागतोच.